व्लॉगचा सगळ्यात भारी क्षण पहिल्या १५ सेकंदांत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्यांचे व्लॉग एडिट करून देणं हे माझं रोजचं काम. माझ्याकडे येणारं फुटेज बहुतेक वेळा एकाच घाटाचं असतं. सकाळी कॅमेरा सुरू होतो, मधे मधे बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि जे जसं घडलं ते तसंच ओळीने टाइमलाइनवर ठेवलेलं असतं. त्यात बाराव्या-तेराव्या मिनिटाला एक झकास प्रसंग लपलेला असतो, पण तोवर बघणारा केव्हाच निघून गेलेला असतो. तो प्रसंग उचलून पुढे आणायचा, हे आता बहुतेकांना माहीत आहे. लोक तसं करतातही, आणि तरी व्हिडिओ तरत नाही. तो का तरत नाही, याबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे घेतले आहेत. सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरते: एका मैत्रिणीचा घर बदलण्याचा व्लॉग, मूळ लांबी १८ मिनिटं ४० सेकंद.

सगळ्यात भारी क्षण कोणता, हे ओळखायचं कसं?

इथेच पहिली चूक होते. लोक सगळ्यात मोठा आवाज, सगळ्यात मोठं हसू किंवा सगळ्यात सुंदर दृश्य शोधतात. सूर्यास्त सुंदर असतो, पण तो बघून झाला की डोकं रिकामं होतं. पुढे काय, असा प्रश्न त्यातून पडत नाही. घरचे सगळे खदखदून हसताहेत, हेही तसंच. ते का हसताहेत हे माहीत नसताना ते हसू परक्याच्या लग्नाच्या अल्बमसारखं वाटतं.

तुम्हाला हवा आहे तो क्षण ज्यात काहीतरी अडलं आहे आणि ते सुटेल की नाही हे त्या माणसांनाही ठाऊक नाही. यश नव्हे, यशाच्या आधीची घालमेल. मैत्रिणीने मला फुटेज देताना सांगितलं होतं की शेवटी सजलेली खोली दिसते तो शॉट पुढे घे, तो फार छान आलाय. शॉट खरंच छान होता. पण सजलेली खोली म्हणजे उत्तर, आणि उत्तराने सुरुवात केली तर प्रश्न कुठून आणणार?

ओळखण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. सगळं फुटेज एकदा न थांबता बघते आणि कागदावर फक्त दोन गोष्टी लिहिते: कुठे मी मोबाइलकडे बघायचं विसरले, आणि कुठे माझ्या तोंडून आपोआप ‘अरे!’ निघालं. एडिटिंग करत करत बघू नका, कारण मग लक्ष कटकडे जातं. शक्य असेल तर तिथे नसलेल्या माणसाला बघायला बसवा. जो स्वतः त्या दिवशी हजर होता त्याला प्रत्येक गोष्ट आठवणीमुळे रंगतदार वाटते, आणि नेमकं तेच बघणाऱ्याकडे नसतं.

शेवटची चाचणी: तो प्रसंग आगापिछा न सांगता १५ सेकंदांत समजतो का? समजायला आधी तीन वाक्यांची पार्श्वभूमी लागत असेल, तर क्षण कितीही भारी असो, सुरुवातीला तो चालणार नाही. दुसरा शोधा.

भारी क्षण आधीच दाखवला तर लोक पुढे कशाला बघतील?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कट कुठे मारता यात आहे. क्षण पूर्ण दाखवायचा नसतो. तो अशा जागी तोडायचा की प्रश्न उभा राहील आणि उत्तर एक पाऊल पलीकडे राहील. कीर्तनकार आख्यान ऐन रंगात आणून थांबतात आणि अभंगाकडे वळतात, तेव्हा कोणी उठून जात नाही. तसंच हे.

मी स्वतः इथे चुकले आहे. या घर बदलण्याच्या व्लॉगचा पहिला ड्राफ्ट केला तेव्हा कपाट जिन्यात अडकतं तिथपासून ते सुटतं तिथपर्यंतचा अख्खा प्रसंग मी पुढे ठेवला होता. स्वतःला वाटत होतं, काय जोरदार सुरुवात झाली आहे! माझ्या भावाला दाखवला. कपाट सुटलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि भावाने फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाला, ‘मस्त आहे.’ त्याच्यापुरता व्हिडिओ तिथे संपला होता. अजून अठरा मिनिटं बाकी आहेत, हे त्याला जाणवलंही नाही.

म्हणून नियम असा धरा: हुकमध्ये, म्हणजे बघणाऱ्याला धरून ठेवणाऱ्या या सुरुवातीच्या तुकड्यात, अडचण पूर्ण दिसली पाहिजे, उपाय अजिबात दिसता कामा नये. उपायाची एखादी फ्रेम, कोणाच्या चेहऱ्यावर उमटू लागलेलं हसू, ‘थांबा, मला सुचलंय’ हे वाक्य, यातलं काहीही आत शिरलं तर ताण सैल पडतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन दाखवाल का?

मूळ व्लॉगची मांडणी अशी होती. पहिली ५० सेकंदं नमस्कार, आज आपण काय करणार आहोत, चॅनेलला सबस्क्राइब करा. मग साडेचार मिनिटांपर्यंत खोक्यांत सामान भरणं. मग ट्रकमध्ये चढवाचढव, त्यात ४:४० ला मैत्रिणीचा भाऊ जुन्या लाकडी कपाटावर हात ठेवून म्हणतो, ‘हे आजीचं आहे, याला ओरखडा नको हं.’ मग जवळजवळ चार मिनिटं प्रवास. ११:५० ला कपाट नव्या घराच्या जिन्यात येतं, १२:०६ ला वळणावर अडकतं. वरही जाईना, खालीही येईना. १२:३१ ला तिचे काका वरच्या पायरीवरून शांतपणे म्हणतात, ‘दार काढायला लागणार.’ ती विचारते, ‘कपाटाचं?’ काका म्हणतात, ‘घराचं.’

हा क्षण. त्यात अडचण डोळ्यांना दिसते, कोणी समजावून सांगावी लागत नाही, आणि ‘घराचं’ या एका शब्दावर प्रश्न टांगला जातो. पुढे १३:२४ ला सामान उचलायला आलेला एक मुलगा पायरीवर आडवा होऊन कपाटाखाली बघतो आणि त्याला दिसतं की कपाटाचे पाय स्क्रूने बसवलेले आहेत. पाय काढतात, चार बोटांची उंची कमी होते, कपाट वळण घेतं. हे झालं उत्तर, आणि याला हुकमध्ये हात लावायचा नाही.

१२:०६ ते १२:४० हा मूळ प्रसंग ३४ सेकंदांचा आहे. त्यातून मी चार तुकडे घेतले. पहिला १२:०६ ते १२:०९: कपाट तिरपं अडकलेलं, आणि खालून आवाज, ‘टेकवा, टेकवा, बोट अडकलंय!’ दुसरा १२:१७ ते १२:२०: पुन्हा जोर लावतात, लाकूड भिंतीवर खरवडतं. तिसरा १२:३१ ते १२:३६: काकांचा आणि तिचा संवाद. चौथा १२:३८ ते १२:४०: ती काही न बोलता दाराकडे बघते. एकूण १३ सेकंदं. मग दीड सेकंद काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सकाळी, जुन्या घरी’. आणि व्लॉग सुरू.

चौथ्या तुकड्याबद्दल थोडं सांगते, कारण मैत्रीण म्हणत होती की तो काढून टाक, त्यात कोणी काही बोलतच नाही. पण ‘घराचं’ या शब्दाला लागूनच कट मारला की तो शब्द कानावर पडतो आणि निसटतो, त्याचा अर्थ डोक्यात उतरायला जागाच उरत नाही. ते दोन सेकंद बघणाऱ्याला दिलेले असतात, त्याने मनात ‘म्हणजे आता खरंच दार काढणार?’ असं म्हणावं म्हणून. दोनचे चार केले तर मात्र ताण विरतो. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद असे तीन प्रकार करून बघा. फरक लगेच कळतो.

१५ सेकंदच का? ३० घेतली तर?

पंधरा हा काही दैवी आकडा नाही. एक परिस्थिती, एक अडचण आणि एक उच्चारलेलं वाक्य एवढं मावायला साधारण १२ ते १५ सेकंदं लागतात, एवढाच त्यामागचा हिशेब. ३० सेकंदांचा हुक केला की त्यात दुसरी अडचण घालण्याचा मोह होतो, आणि दोन प्रश्न एकदम विचारले की बघणारा एकही धरून ठेवत नाही. आठ सेकंदांत होत असेल तर आठच घ्या.

चार-पाच भारी क्षणांचं झटपट मिश्रण केलं तर चालेल का, ट्रेलरसारखं?

व्लॉगला ते मला पटत नाही. ट्रेलर चालतो कारण त्यातल्या चेहऱ्यांशी आधीच ओळख असते आणि मागे तयार केलेलं संगीत असतं. तुमच्या व्लॉगमध्ये अनोळखी माणूस अर्धा-अर्धा सेकंद पाच ठिकाणं बघतो आणि त्याला कुठेच पाय टेकवता येत नाहीत. एक जागा, एक अडचण, एवढंच ठेवा.

नमस्कार आणि ओळख मग कुठे ठेवायची?

हुकनंतर, आणि छोटी. शक्यतो बोलत असताना पडद्यावर काम चालू असू द्या. आमच्या उदाहरणात ‘नमस्कार, आज घर बदलतोय’ हे सहा सेकंदांचं वाक्य खोकी बांधण्याच्या दृश्यावर घातलं. सबस्क्राइब करा हे तिथून काढलं आणि कपाट वर पोचल्यानंतर ठेवलं, जिथे बघणारा खूश असतो.

हुक झाल्यावर लगेच लोक का जातात?

कारण हुक एका व्हिडिओचा असतो आणि त्यानंतर सुरू होणारा व्हिडिओ दुसराच असतो. जिन्यात कपाट अडकलंय, काका दार काढायची भाषा करताहेत, आणि पुढच्या क्षणी कॅमेऱ्यासमोर निवांत बसलेली व्यक्ती हवापाण्याच्या गप्पा मारते. बघणाऱ्याला वाटतं, ते कपाट गेलं कुठे?

इथे पूल बांधावा लागतो. हुकनंतरचं पहिलं दृश्य हुकमधल्याच एखाद्या वस्तूचं, माणसाचं किंवा जागेचं असावं. मी ४:४० चा तो शॉट उचलला, भाऊ कपाटावर हात ठेवून ‘हे आजीचं आहे, याला ओरखडा नको हं’ म्हणतो तो, आणि काळ्या पडद्यानंतर थेट तो ठेवला. आता बघा काय झालं. बघणाऱ्याने आत्ताच तेच कपाट भिंतीवर खरवडताना ऐकलं आहे. भावाचं वाक्य मूळ व्लॉगमध्ये सहज बोललेलं होतं, इथे ते काळजाला लागतं. नवीन काही चित्रित केलं नाही, नुसती जागा बदलली.

पुलानंतर मागचा पसारा आवरायलाही लागतो. खोक्यांची साडेतीन मिनिटं सव्वा मिनिटावर आणली, प्रवासाची चार मिनिटं चाळीस सेकंदांवर. माझा निकष असा होता की ज्या दृश्याने कपाटाबद्दल, माणसांबद्दल किंवा वेळेच्या घाईबद्दल काहीच कळत नाही ते गेलं. मैत्रिणीला प्रवासातल्या गप्पा प्रिय होत्या. त्यातली एक ठेवली, ज्यात काका सांगतात की नव्या घराचा जिना त्यांनी कधी नीट पाहिलेलाच नाही. बाकीच्यांना निरोप दिला. शेवटचा व्हिडिओ ११ मिनिटांच्या आसपास झाला आणि कपाटाचा प्रसंग त्यात साधारण मध्यावर आला. पसरट व्लॉगला नुसतं हुक लावलं आणि आतलं काहीच आवरलं नाही, तर पंधरा सेकंदांनी मिळवलेलं पुढच्या तीन मिनिटांत घालवाल.

वेळ मागे गेली हे कसं दाखवायचं? ‘सहा तासांपूर्वी’ लिहायचं का?

लिहू शकता, पण त्यापेक्षा जागा किंवा प्रहर सांगणारे दोन शब्द जास्त चांगले: ‘सकाळी, जुन्या घरी’. ‘सहा तासांपूर्वी’ वाचलं की बघणारा मनात हिशेब करतो की आता सहा तासांचं सगळं बघावं लागणार. शिवाय उजेडात फरक असेल, कपडे बदललेले असतील, तर तो फरकच पुरेसं सांगतो. टेप उलटी फिरवल्याचा आवाज आणि थरथरणारं चित्र वापरू नका. त्यात दोन-तीन सेकंद जातात आणि हुकचा ताण गमतीत निघून जातो.

तोच प्रसंग पुढे पुन्हा येतो, तेव्हा काय करायचं? कापायचा की पुन्हा दाखवायचा?

पुन्हा दाखवायचाच. तो कापला तर बघणाऱ्याला दिलेलं वचन मोडलं. फक्त तो हुबेहूब तसाच आला तर माणूस म्हणतो, हे तर पाहिलंय, आणि बोट पुढे सरकवतो.

आमच्याकडे नशिबाने दोन फोन होते. खालून मैत्रिणीचा, वरून भावाचा. हुकमध्ये खालचा कोन वापरला, आणि मुख्य प्रसंगात वरचा. त्यामुळे संवाद तोच असूनही दृश्य नवं होतं: हुकमध्ये काका दिसले नव्हते, नुसता त्यांचा आवाज होता, आता त्यांचा चेहरा दिसतो. एकच कॅमेरा असेल तर हुकमध्ये तुम्ही जे मधले भाग गाळले ते इथे राहू द्या. १२:०९ ते १२:१७ मध्ये सगळे एकमेकांना उलटसुलट सूचना देत होते. हुकला तो भाग जड झाला असता, मुख्य प्रसंगात त्याने रंगत आणली. आणि ‘घराचं’ या शब्दानंतर यावेळी थांबू नका. बघणारा त्याच्या पलीकडचंच बघायला इतका वेळ थांबला आहे.

आवाजाचं काय? मागे संगीत टाकू का?

हुकला नको. प्रसंगाचा स्वतःचा आवाज, म्हणजे लाकडाची खरखर, धापा, अर्धवट वाक्यं, हेच सगळ्यात खरं असतं, आणि संगीत घातलं की ते सगळं मागे पडतं. वर बघणाऱ्याला काय वाटलं पाहिजे हे तुम्ही आधीच सांगून टाकता.

दोन गोष्टी जपा. पहिली, आवाज पहिल्या फ्रेमपासून पूर्ण असू द्या. हळूहळू चढत जाणारा आवाज म्हणजे पहिला सेकंद वाया. दुसरी, कट शब्दाच्या मध्यावर पडू नये. वेव्हफॉर्म मोठा करून बघा, शब्द जिथे संपतो तिथे रेघ सपाट होते. कट त्या सपाट जागेत मारा आणि दोन तुकड्यांच्या जोडावर ध्वनीचा अगदी छोटा क्रॉसफेड द्या, दोन-तीन फ्रेमचा. नाहीतर जिन्याचा घुमणारा आवाज प्रत्येक कटला टक् करून तुटतो, आणि हेडफोन लावून बघणाऱ्याला ते टोचतं.

काळा पडदा येतो तेव्हा मी सगळा आवाज एकदम बंद केला. तो दीड सेकंदाचा सन्नाटा कुठल्याही ढोलापेक्षा जास्त काम करतो.

आणि हुकमधल्या संवादाला पडद्यावर अक्षरं द्याच. यूट्यूबच्या फीडमध्ये व्हिडिओ पुष्कळदा आवाजाशिवाय आपोआप चालू होतो. ‘घराचं’ हा शब्द वाचताही आला पाहिजे. पण तो काका बोलतील त्याच क्षणी उमटू द्या. आधीच्या वाक्याबरोबर एकत्र लिहिला तर डोळा पुढे धावतो आणि सगळी मजा दोन सेकंद आधीच सांडते.

फोनवरच्या ॲपमध्ये हे करायचं तर नेमके टप्पे कोणते?

आधी प्रोजेक्टची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. मग भारी क्षणाची क्लिप डुप्लिकेट करून ती टाइमलाइनच्या अगदी सुरुवातीला ओढा. मूळ जागेवरची क्लिप उचलून आणू नका, प्रतच आणा. अशी कितीतरी फुटेजं माझ्याकडे आली आहेत ज्यात प्रसंग पुढे नेताना मूळ जागी खड्डा पडला होता आणि निर्यात झाल्यावरच ते लक्षात आलं. पुढे आणलेली प्रत मग तुकड्यांत कापा.

संगीत किंवा सबटायटल वेगळ्या थरावर असतील तर सुरुवातीला १५ सेकंदं घातल्यावर तेही तेवढेच सरकले आहेत का, ते तपासा. काही ॲपमध्ये ते क्लिपला बांधलेले असतात, काहींमध्ये नसतात. सरकले नसतील तर पुढच्या सगळ्या व्हिडिओत ओठ हलण्याच्या १५ सेकंद आधी अक्षरं दिसतील. मध्यावर आणि शेवटाजवळ एकेक जागा बघितली की कळतं.

माझ्या व्लॉगमध्ये असा क्षणच नाही. सगळा दिवस सुरळीत गेला.

सुरळीत दिवसातही अनिश्चित जागा असतात, फक्त त्या ओरडत नाहीत. कोणीतरी निर्णय घेताना थांबलं आहे, कोणी काहीतरी पहिल्यांदाच करून बघत आहे, कोणी पत्र उघडत आहे. अडचण हवीच असं नाही, निकाल न लागलेली अवस्था हवी. ती शोधूनही सापडली नाही तर खोटी निर्माण करू नका. अशा वेळी साधं वाक्य चालतं: दिवसभरातलं स्वतःचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य, कॅमेऱ्याकडे न बघता बोललेलं. आणि तेही नसेल तर मी स्पष्ट सांगते, तो व्लॉग चार मिनिटांचा करा. हुकने तो वाचणार नाही.

हुक आणि फसवणूक यांत फरक कुठे पडतो?

हुक दिसल्यावर बघणाऱ्याने जो अर्थ लावला, तो पुढे खरा ठरला तर तो हुक, खोटा ठरला तर ती फसवणूक. रडणं दाखवायचं आणि पुढे कळतं की कांदा चिरत होती, ही फसवणूक. दोन वेगळ्या प्रसंगांतली वाक्यं शेजारी ठेवून भांडण झाल्याचा भास निर्माण करणं, ही तर त्या माणसांशीही फसवणूक. आमच्या उदाहरणात मी मधले भाग गाळले, पण क्रम बदलला नाही: बोट अडकणं, जोर लावणं, काकांचं वाक्य, तिचं बघणं, हे याच ओळीने घडलं होतं. आणि हो, हुकमध्ये जो दिसतो त्याला आधी विचारा. अकराव्या मिनिटाला धापा टाकताना दिसणं वेगळं आणि व्हिडिओचा पहिलाच चेहरा होणं वेगळं.

यूट्यूबवर आधीच टाकलेल्या व्हिडिओला आता असं हुक लावता येईल का?

नाही, निदान त्याच लिंकवर नाही. यूट्यूब स्टुडिओतल्या एडिटरने सुरुवात किंवा मधला भाग कापता येतो, पण शेवटचा तुकडा उचलून पुढे आणता येत नाही, आणि जुन्या फाइलच्या जागी नवी फाइलही ठेवता येत नाही. त्यामुळे जुन्या व्हिडिओसाठी मी एकच सुचवते: सुरुवातीचं लांबलेलं प्रास्ताविक ट्रिम करा. काम सुरू होतं तिथून व्हिडिओ सुरू झाला तरी पुष्कळ फरक पडतो. नवा कट नव्याने अपलोड करायचा तर व्ह्यू आणि कमेंट्स जुन्या लिंकवरच राहतात, हे धरून चला.

टाइमस्टॅम्प दिले तर लोक थेट कपाटावर उडी मारणार नाहीत का?

मारतील, नाव तसं दिलं तर. म्हणून टाइमस्टॅम्पमुळे व्हिडिओची जी प्रकरणं पडतात त्यांची नावं उत्तर सांगणारी नकोत. यूट्यूबला पहिला टाइमस्टॅम्प 0:00 चाच लागतो, किमान तीन लागतात, आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचं असावं लागतं. म्हणजे १५ सेकंदांच्या हुकला वेगळं प्रकरण देता येतं, पण आठ सेकंदांच्या हुकला नाही. आम्ही वर्णनात हे लिहिलं:

```
0:00 जिन्यात
0:15 सकाळ, जुनं घर
3:05 रस्त्यात
3:45 नवा जिना
8:20 वरच्या खोलीत
```

‘कपाटाचे पाय निघाले’ असं नाव मैत्रिणीने आधी ठेवलं होतं. ते वाचलं की हुकमध्ये काही उरत नाही.

हुक लागू पडलं की नाही, हे कशावरून समजायचं?

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक किती वेळ टिकले याचा आलेख असतो, आणि पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक बघत होते हेही तिथे वेगळं दाखवतात. एका व्हिडिओचा आकडा एकटा घेऊन बसू नका. स्वतःच्याच, साधारण तेवढ्याच लांबीच्या जुन्या व्हिडिओंच्या शेजारी ठेवून बघा.

आकड्यापेक्षा मी रेघेचा आकार जास्त बघते. रेघ पहिल्या चार-पाच सेकंदांतच कोसळत असेल तर दोष बहुधा हुकचा नसून थंबनेल आणि शीर्षकाचा असतो: त्यांनी एक सांगितलं आणि व्हिडिओने दुसरंच दाखवलं. शीर्षकात ‘नव्या घराची सजावट’ असेल आणि आत जिन्यात कपाट अडकलेलं दिसलं, तर सजावट बघायला आलेला माणूस परत जाणारच. रेघ १५ सेकंदांपर्यंत बरी टिकून मग घसरत असेल, तर पूल मोडका आहे. हुकनंतरचं दृश्य बदलायला हवं होतं. आणि रेघ मध्यापर्यंत ठीक, कपाट वर गेल्यावर धाडकन खाली, असं असेल तर उत्तर दिल्यानंतर तुम्ही जास्त रेंगाळलात. या तिसऱ्या प्रकाराला मूळ व्लॉगमध्ये जवळजवळ पाच मिनिटांचा शेपूट कारणीभूत ठरला असता. आम्ही तो अडीच मिनिटांवर आणला, आणि सजलेल्या खोलीचा तो छान शॉट शेवटी ठेवला, कपाटासकट. त्याच्या डाव्या बाजूला एक बारीक ओरखडा दिसतो.